पांढुर्ण्याचा गाळा बंद करायचा का? आधी विक्रीचा तक्ता नीट वाचा

मासेमार भावांनो, बहिणींनो आणि नावमालकांनो, मार्च संपला की प्रत्येक सोसायटीत एक कागद फिरतो. कुठल्या बाजारात किती विकलं, कोणता मासा किती गेला, कोणत्या तिमाहीत किती आले, एकूण विक्रीत कोणाचा हिस्सा किती आणि मागच्या वर्षापेक्षा वाढ की घट. आजकाल हा कागद कॉम्प्युटरवर पिव्होट टेबल लावून दहा मिनिटांत निघतो. पण निघतो लवकर म्हणून वाचलाही घाईत जातो, आणि त्या घाईत चुकीचा ठराव होतो. आज एक पूर्ण उदाहरण घेऊन हा कागद कसा बनवायचा आणि कसा वाचायचा ते पाहू.

उदाहरण आपल्या सीमेवरचंच घेऊ. समजा पांढुर्णा आणि सौंसर भागात जलाशयावर काम करणारी एक सोसायटी आहे. तिचा माल तीन ठिकाणी जातो. पांढुर्ण्यात सोसायटीचा स्वतःचा गाळा आहे, तिथे सभासदांच्या घरच्या बायका बसून किरकोळ विक्री करतात. सौंसरला बाजारात किरकोळ विक्री होते. उरलेला माल गाडीनं नागपूरला अडत्याकडे ठोकमध्ये जातो. मासे तीनच धरू: रोहू, कटला आणि मरळ. पुढचे रुपये आणि किलो हिशोब समजावा म्हणून सोपे करून घेतले आहेत, कोणत्याही खऱ्या सोसायटीचे नाहीत. तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांचाच खेळ मोठा आहे.

या सोसायटीच्या सभेत एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं:

२०२३-२४: पांढुर्णा ४० टक्के, सौंसर ३० टक्के, नागपूर ३० टक्के.
२०२४-२५: पांढुर्णा ३६.७ टक्के, सौंसर २२.५ टक्के, नागपूर ४०.८ टक्के.

एक जण उठून म्हणाला, "पाहा भाऊ, पांढुर्णा उतरला, सौंसर त्याहून उतरला. नागपूर चढत आहे. गाळ्याचं भाडं काऊन भरत बसायचं? सगळा माल नागपूरलाच पाठवू." ऐकायला बरोबर वाटतं. पण असा ठराव झाला तर गाळ्यावर बसणाऱ्या पाच-सात घरांची रोजी जाते, आणि ती एकदा गेली की परत बसत नाही. म्हणून ठरावाआधी कागद तपासला पाहिजे.

पहिली पायरी: वही अशी लिहा की कॉम्प्युटरला कळेल

पिव्होट टेबल म्हणजे काही जादू नाही. आपण वहीतल्या पावत्या बाजाराप्रमाणे वेगळ्या करून ढीग लावतो आणि प्रत्येक ढिगाची बेरीज करतो, तेच काम ते करतं. फक्त त्यासाठी प्रत्येक विक्रीची एक ओळ हवी आणि प्रत्येक ओळीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, ठिकाण, मासा, किलो, रक्कम. वर मथळ्याची एकच ओळ. मध्ये रिकामी ओळ नको, महिन्याची बेरीज नको. मध्येच "एप्रिल एकूण" अशी ओळ टाकली तर तीही विक्री म्हणून मोजली जाते आणि आकडा दुप्पट होतो.

ठिकाण लिहिताना एक सांभाळा. कोणी "सौंसर" लिहितो, कोणी "सौसर", कोणी "सावसर". माणसाला तिन्ही एकच, कॉम्प्युटरला ती तीन गावं. तक्त्यात एकाच बाजाराच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर समजा की शब्द वेगवेगळे पडले आहेत.

दुसरं, ठिकाण म्हणजे बाजार लिहा, जिल्हा लिहू नका. आपल्याकडे त्याचं कारण ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. ज्यानं वहीत जिल्हा लिहिला, त्याच्या तक्त्यात २०२३ च्या मधोमध छिंदवाड्याची विक्री कोसळलेली दिसेल आणि पांढुर्णा जिल्हा शून्यातून उभा राहिलेला दिसेल. गिऱ्हाईक तेच, टोपली तीच, फक्त नाव बदललं. बाजाराचं नाव लिहिलं की ही भानगड राहत नाही.

तिसरं, रकमेच्या खान्यात फक्त आकडा. "५०० रु." असं लिहिलं की कॉम्प्युटर त्याला मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. वहीत देवनागरी अंक खुशाल लिहा, पण शीटमध्ये इंग्रजी अंकच टाका.

आता वर्ष आणि तिमाही. आपलं हिशोबाचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, पण कॉम्प्युटरला तारखांचे गट करायला सांगितलं तर तो जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही धरतो. म्हणून दोन खाने आपणच वाढवायचे. तारीख A खान्यात असेल तर दुसऱ्या ओळीत वर्षासाठी हे सूत्र:

```
=IF(MONTH(A2)>=4, YEAR(A2), YEAR(A2)-1)
```

आणि तिमाहीसाठी हे:

```
=IF(MONTH(A2)>=4, INT((MONTH(A2)-1)/3), 4)
```

पहिलं सूत्र २०२३-२४ साठी 2023 देतं. दुसरं एप्रिल-जूनला 1, जुलै-सप्टेंबरला 2, ऑक्टोबर-डिसेंबरला 3 आणि जानेवारी-मार्चला 4 देतं. दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढून घ्या.

दुसरी पायरी: तक्ता लावा

एक्सेलमध्ये सगळ्या ओळी निवडून `Insert` मधून `PivotTable` घ्या. उजवीकडे चार चौकटी येतात. `Rows` मध्ये ठिकाण ओढा, `Columns` मध्ये वर्ष, `Values` मध्ये रक्कम. चौकटीत `Sum` दिसलं पाहिजे. `Count` दिसत असेल तर तो पैसे नाही, पावत्या मोजतो आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ रकमेत कुठेतरी मजकूर किंवा रिकामा खाना शिरला आहे.

आता तीच रक्कम `Values` मध्ये आणखी दोनदा ओढा. दुसऱ्या वेळेला आकड्यावर उजवं बटण दाबून `Show Values As` मध्ये `% of Column Total` निवडा. तो झाला हिस्सा. तिसऱ्या वेळेला `% Difference From` निवडा, `Base field` मध्ये वर्ष आणि `Base item` मध्ये `(previous)`. तो झाला मागच्या वर्षाशी फरक. पहिल्या वर्षाचा खाना इथे रिकामा राहतो, कारण त्याच्या मागे तुलनेला वर्षच नाही. गूगल शीटमध्ये हिस्सा तक्त्यातच `Show as` मधून मिळतो, पण वर्षाच्या फरकाची सोय तिथे नाही. ती शेजारच्या खान्यात नव्यातून जुनं वजा करून जुन्यानं भागून काढावी लागते.

तक्ता झाल्यावर सगळ्यात आधी तळाचा `Grand Total` पाहा आणि वहीच्या एकूण बेरजेशी जुळवा. जुळलं नाही तर पुढे वाचूच नका. एक तर नंतर लिहिलेल्या ओळी तक्त्याच्या हद्दीबाहेर राहिल्या असतील, नाही तर उजवं बटण दाबून `Refresh` करायचं राहिलं असेल. वहीत दुरुस्ती केली म्हणून एक्सेलचा तक्ता दर वेळी आपोआप बदलेलच असं नाही.

तिसरी पायरी: हिस्सा आणि रुपये शेजारी ठेवा

आता सभेतला कागद पूर्ण करू. हिस्स्याच्या शेजारी रुपये मांडले की असं दिसतं:

पांढुर्णा: ४ लाख होते, ४ लाख ४० हजार झाले. १० टक्के वाढ.
सौंसर: ३ लाख होते, २ लाख ७० हजार झाले. १० टक्के घट.
नागपूर: ३ लाख होते, ४ लाख ९० हजार झाले. ६३ टक्के वाढ.
एकूण: १० लाख होते, १२ लाख झाले. २० टक्के वाढ.

पाहा, पांढुर्णा उतरलेलाच नाही. गाळ्यावर ४० हजार जास्त विकले गेले. त्याचा हिस्सा ४० वरून ३६.७ झाला, कारण नागपूरची विक्री त्याहून जोरात वाढली. एका ताटात चार भाकरी होत्या, त्यात माझी एक. आता सहा झाल्या, त्यात माझी सव्वा. माझा हिस्सा कमी झाला, पण पोटात जास्तच गेलं ना? हिस्सा नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत असतो. एखादा बाजार एकूण वाढीपेक्षा हळू वाढला की त्याचा हिस्सा घटणारच, मग तो खरोखर वाढत असला तरीही. आपल्या उदाहरणात एकूण वाढ २० टक्के आहे. पांढुर्णा १० टक्के वाढला, म्हणजे वीसपेक्षा कमी, म्हणून हिस्सा घसरला. एवढीच गोष्ट.

म्हणून नियम सोपा ठेवा: हिस्सा एकटा कधीच वाचू नका. हिस्सा घटलेला दिसला की लगेच शेजारच्या खान्यात रुपये वाढले की घटले ते पाहा. दोन्ही घटले तरच त्या बाजारात काहीतरी बिघडलंय असं म्हणता येईल.

सौंसरचं दोन्ही घटलं आहे. मग सौंसरची खरी अडचण काय?

चौथी पायरी: बाजाराच्या आत मासा उघडा

`Rows` मध्ये ठिकाणाच्या खाली मासाही ओढला की प्रत्येक बाजार आतून उघडतो. सौंसर असं उघडलं:

रोहू: १ लाख ५० हजारांवरून १ लाख ५५ हजार.
कटला: १ लाख २० हजारांवरून ७५ हजार.
मरळ: ३० हजारांवरून ४० हजार.

रोहू वाढला, मरळही वाढली. सगळी घट कटल्यात आहे, ४५ हजारांची. सौंसरचं गिऱ्हाईक पळालं असतं तर तिन्ही मासे खाली आले असते. एकच मासा एवढा पडतो तेव्हा पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला नाही, टोपलीला विचारायचा: सौंसरला कटला नेला किती होता?

याचं उत्तर रुपयांत मिळत नाही, किलोत मिळतं. म्हणून वहीत किलोचा खाना हवाच. तक्त्यात किलो ओढल्यावर दिसलं की सौंसरला कटला आधी ६०० किलो गेला होता, या वर्षी ३७५ किलो. दोन्ही वर्षी दर २०० रुपये किलो. म्हणजे दर पडला नाही, उठाव थांबला नाही, माल नेलाच २२५ किलोनं कमी. तो कुठे गेला? नागपूरचं पान उघडलं की तिथे कटल्याची विक्री दीड लाखावरून अडीच लाखावर गेलेली दिसते. मोठा कटला गाडीत भरून नागपूरला गेला होता.

आता हिशोब करा. ते २२५ किलो सौंसरला २०० रुपयांनी गेले असते तर ४५ हजार आले असते. नागपूरला ठोकचा दर १६० धरला तर त्याच माशाचे ३६ हजार आले, आणि त्यातून बर्फ, गाडीभाडं आणि अडत जायची आहे. तक्त्यात मात्र हेच ३६ हजार नागपूरची वाढ म्हणून चमकले आणि ४५ हजार सौंसरची घट म्हणून दिसले. मासा तोच, फक्त एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेला, आणि जाताना सोसायटीचे नऊ हजार कमी झाले.

याचा अर्थ नागपूर नको असा नाही. जाळ्यात एकदम चार क्विंटल आलं तर सौंसरच्या बाजारात ते एका दिवसात खपत नाही, आणि मासा उद्याची वाट पाहत नाही. तेव्हा नागपूरच कामाचं. पण जो माल गावातच खपत होता तो उचलून ठोकमध्ये घातला, तर विक्रीचा तक्ता वाढ दाखवतो आणि हातात कमी उरतं. विक्रीचा तक्ता खर्च पाहत नाही, ही त्याची हद्द लक्षात ठेवा. ज्या नावमालकाला सोसायटी किलोच्या दरानं पैसे देते, त्यानं तर या हद्दीकडे जास्तच लक्ष द्यावं.

दराबद्दल एक चूक फार होते. वहीत दराचा खाना असतो आणि कोणी तक्त्यात त्याची सरासरी काढतो. समजा ५ किलो २२० नं विकले आणि ९५ किलो १६० नं. दोन दरांची सरासरी १९० येते. पण खरे पैसे आले १६ हजार ३०० आणि माल गेला १०० किलो, म्हणजे खरा दर १६३. पाच किलोच्या पावतीला पंचाण्णव किलोच्या पावतीइतकाच मान मिळाला म्हणून आकडा फुगला. दर नेहमी एकूण रकमेला एकूण किलोनं भागून काढा.

मरळीचंही बघा. सौंसरला मरळ ३३ टक्के वाढली. सगळ्या सौंसरच्या तक्त्यात हाच आकडा मोठा आणि हाच डोळ्यात भरतो. पण रुपयांत ती वाढ दहा हजारांचीच आहे. कटल्याची घट त्याच्या साडेचारपट आहे. जुना आकडा लहान असला की थोड्या वाढीचेही टक्के मोठे दिसतात. म्हणून टक्क्यांच्या शेजारी रुपये ठेवायचेच.

पाचवी पायरी: तिमाही वाचताना पंचांग उघडा

आता शेवटचं, आणि आपल्या धंद्यात सगळ्यात फसवणारं. तक्त्याच्या `Rows` मध्ये ठिकाणाऐवजी तिमाही टाकली. असं आलं:

एप्रिल-जून: २ लाख ५० हजारांवरून २ लाख ७० हजार, ८ टक्के वाढ.
जुलै-सप्टेंबर: ६० हजारांवरून १ लाख ३ हजार, जवळपास ७२ टक्के वाढ.
ऑक्टोबर-डिसेंबर: ३ लाख ३० हजारांवरून ४ लाख, २१ टक्के वाढ.
जानेवारी-मार्च: ३ लाख ६० हजारांवरून ४ लाख २७ हजार, जवळपास १९ टक्के वाढ.

सभेत कोणीही म्हणेल, पावसाळ्यात तर कमाल केली, ७२ टक्के! पुढच्या वर्षी पावसाळ्यासाठी आणखी बर्फ, आणखी गाडी ठरवून ठेवू. थांबा जरा.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. म्हणजे दुसऱ्या तिमाहीच्या ९२ दिवसांतले पहिले ४६ दिवस जाळं टाकायचंच नाही. उरले ४६. त्यातही श्रावण चालू असेपर्यंत आपल्याकडे बहुतेक घरांत मासा शिजत नाही. श्रावण संपतो पोळ्याला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार होते. पांढुर्णेकराला दुसरं पंचांग लागत नाही: गोटमार झाली की बाजार उघडला.

आता गोटमारीच्या तारखा आठवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, म्हणून सगळे सण लांबले आणि गोटमार झाली १५ सप्टेंबरला. २०२४ मध्ये अधिक महिना नव्हता, गोटमार झाली ३ सप्टेंबरला. म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरात विक्रीचे १६ दिवस मिळाले आणि २०२४ च्या सप्टेंबरात २८. बारा दिवस फुकटात वाढले. ना जाळं वाढलं, ना गिऱ्हाईक.

हे तक्त्यात तपासायचं कसं? तारखेवरून महिन्याचा आणखी एक खाना करा आणि तिमाहीच्या खाली महिना टाका. आपल्या उदाहरणात जुलै दोन्ही वर्षी शून्य, ऑगस्ट दोन्ही वर्षी १२ हजार. सगळा फरक सप्टेंबरात आहे: ४८ हजार होते, ९१ हजार झाले. आणि ही विक्री जवळपास सगळी पोळ्यानंतरची. आता दिवसांनी भागा. ४८ हजार भागिले १६ म्हणजे दिवसाला ३,०००. ९१ हजार भागिले २८ म्हणजे दिवसाला ३,२५०. खरी वाढ ८ टक्क्यांच्या आसपास. ज्या तिमाहीला आपण सगळ्यात जोरदार म्हणत होतो, ती खरं तर पहिल्या तिमाहीइतकीच सावकाश वाढली. खरा जोर ऑक्टोबर ते मार्चमध्ये होता, आणि बर्फ-गाडीचा बंदोबस्त तिथे लागणार आहे.

हा हिशोबही अगदी काट्याचा नाही. पितृपक्षसुद्धा मागेपुढे होतो. २०२३ मध्ये तो जवळपास पूर्ण ऑक्टोबरात गेला होता, २०२४ मध्ये १८ सप्टेंबरपासून होता. तुमच्या बाजारात त्या पंधरवड्यात उठाव कमी होत असेल तर तेही दिवस वेगळे मोजा. आपल्या बाजाराचं गिऱ्हाईक कधी खातं आणि कधी नाही, हे गाळ्यावर बसणाऱ्या बाईला कॉम्प्युटरवाल्यापेक्षा नेमकं माहीत असतं. तिला विचारून दिवस ठरवा.

कारण साधं आहे. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात. तीन वर्षांच्या आत-बाहेर अधिक महिना येतो आणि त्यांना परत पुढे ढकलतो. तिमाही मात्र जागची हलत नाही. म्हणून श्रावण त्याच तिमाहीत मागेपुढे सरकतो, नवरात्र कधी या तिमाहीत तर कधी त्या तिमाहीत पडते आणि टक्के वरखाली होतात. कोकणातल्या मंडळींना १ जून ते ३१ जुलैची बंदी असते. ती पहिल्या आणि दुसऱ्या तिमाहीत निम्मी-निम्मी वाटली जाते. श्रावणाचा हिशोब मात्र त्यांनाही असाच लागू पडतो.

हे पुढच्या वर्षांसाठीही आताच लिहून ठेवा. २०२५ मध्ये गोटमार २३ ऑगस्टलाच झाली, म्हणजे त्या वर्षीचा पूर्ण सप्टेंबर श्रावणाबाहेर होता. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे श्रावण पुन्हा लांबतो आणि पोळा सप्टेंबरात जातो. त्या वर्षीची जुलै-सप्टेंबर विक्री २०२५ च्या शेजारी ठेवली की मोठी घट दिसेल. तेव्हा कोणी उठून म्हणेल की सोसायटी बुडायला लागली. त्याला आधी पंचांग दाखवा आणि विक्रीच्या दिवसांनी भागायला लावा. दिवसाची विक्रीही घटली असेल तरच काळजी.

मग गाळ्याचं काय?

आपल्या उदाहरणातल्या सोसायटीसमोर आता चित्र असं आहे. पांढुर्ण्याचा गाळा १० टक्के वाढतो आहे, बंद करायचं कारण तक्त्यात नाही. सौंसरची घट गिऱ्हाइकाची नाही, कटला तिकडे कमी नेल्याची आहे. तेव्हा आधी सौंसरची भूक भागवून उरलेला कटला नागपूरला पाठवायचा. नागपूरची वाढ किती खरी हे खर्च वजा करून, किलोमागे हातात काय उरलं ते पाहून ठरवायचं. आणि पावसाळ्याच्या ७२ टक्क्यांवर कोणताही खर्च बेतायचा नाही.

हे चारही निष्कर्ष त्याच वहीतून, त्याच तक्त्यातून निघाले ज्यातून "गाळा बंद करा" निघालं होतं. फरक एवढाच की हिस्स्याशेजारी रुपये ठेवले, रुपयांशेजारी किलो ठेवले आणि तिमाहीशेजारी गोटमारीची तारीख ठेवली. येत्या सभेत तुमच्या सोसायटीचा कागद हातात आला की या तीन गोष्टी त्यावर आहेत का ते पाहा. नसतील तर सचिवाला सांगा, तेवढे खाने वाढवून आणा, मग ठराव मांडा.